संमती कट्ट्यावरून लाइव्ह जायचंय? आधी अपलोड बघा

भोगीला सिद्धरामेश्वरांचा अक्षता सोहळा संमती कट्ट्यावरून यूट्यूबवर दाखवायचाय ना? मग डाउनलोडचा आकडा विसरा. लाइव्हमध्ये व्हिडिओ आपल्याकडून बाहेर जातो, त्यामुळे अपलोड महत्त्वाचा. तोही कट्ट्यापाशीच, गर्दी भरल्यावर मोजायचा, कारण हजारो फोन एकाच टॉवरवर आले की रिकाम्या मैदानातला आकडा कामाचा राहत नाही.

समजा तीन वेळा टेस्ट केली आणि अपलोड ५, ३ आणि ४ एमबीपीएस आला. सरासरी काढू नका, सगळ्यात कमी ३ धरा. त्यातला दोन तृतीयांशच वापरायचा, म्हणजे २. आवाजाला १२८ केबीपीएस लागतात, म्हणून व्हिडिओ बिटरेट १८०० ठेवा आणि ७२०पी निवडा. चित्र थोडं मऊ दिसेल, पण नंदीध्वज डोलताना अडकणार नाही. डेटा तासाला साधारण एक जीबी जातो.

आता स्ट्रीम की. यूट्यूब स्टुडिओत लाइव्ह उघडून ती कॉपी करा आणि ब्रॉडकास्ट ॲपमध्ये या पत्त्यासोबत टाका:

```
rtmp://a.rtmp.youtube.com/live2
```

की म्हणजे तुमच्या चॅनेलची किल्लीच. व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली, तर कुणीही तुमच्या नावाने लाइव्ह जाऊ शकतो. तसं झालं तर लगेच रीसेट करा. आणि हो, चॅनेलवर पहिल्यांदाच लाइव्ह चालू करताय तर परवानगीला २४ तास लागू शकतात, तेव्हा भोगीच्या सकाळी धावपळ नको.

मध्येच ॲपमध्ये फ्रेम ड्रॉप वाढायला लागले, तर बिटरेट १२०० वर आणा.