यंत्राने लिहिल्याचा संशय: शाबीत कोणी करायचे आणि किती?

विद्यार्थ्याने सादर केलेला निबंध किंवा प्रबंध त्याने स्वतः न लिहिता चॅटजीपीटीसारख्या साधनाकडून लिहून घेतला, असा आरोप झाला की चौकशी समितीपुढे दोन प्रश्न येतात. आरोप शाबीत करण्याची जबाबदारी कोणाची, हा पहिला. तो शाबीत झाला असे म्हणण्यासाठी पुरावा किती भक्कम हवा, हा दुसरा. कायद्याच्या भाषेत पहिल्याला शाबितीचा भार आणि दुसऱ्याला पुराव्याचा दर्जा म्हणतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वमान्य आहे: जो आरोप करतो त्याने तो शाबीत करायचा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधील कलम १०४ हेच सांगते. जुन्या १८७२ च्या कायद्यात ते कलम १०१ होते. विद्यापीठाच्या चौकशीला हा कायदा जसाच्या तसा लागू होत नाही, पण त्यामागचे तत्त्व लागू होते. दुसऱ्या प्रश्नात फौजदारी खटला आणि शिस्तभंगाची चौकशी यांत फरक आहे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो. शिस्तभंगाच्या चौकशीत संभाव्यतेचा कल पाहतात, म्हणजे गोष्ट घडली असण्याची शक्यता न घडल्याच्या शक्यतेपेक्षा जास्त असली की पुरते. इंग्लंड आणि वेल्समधील विद्यापीठांतही साधारणपणे हाच दर्जा वापरला जातो. मात्र दर्जा कमी असला तरी पुरावा लागतोच. एका बँक कर्मचाऱ्याच्या बडतर्फीच्या प्रकरणात (रूपसिंह नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक) सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते, की संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

परीक्षेतील कॉपीच्या प्रकरणांत हा दर्जा पूर्वीपासून वापरात आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाचे बागलेश्वर प्रसाद प्रकरण १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गाजले. तिथे दोन उत्तरपत्रिकांत सारखीच चुकीची उत्तरे आढळली होती. कॉपी करताना कोणी पाहिले नसले, तरी अशा परिस्थितीजन्य पुराव्यावरून मंडळ निष्कर्ष काढू शकते, असे न्यायालयाने म्हटले. बरोबर उत्तर दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते, पण एकच विचित्र चूक दोघांनी स्वतंत्रपणे करणे दुर्मीळ असते. वाङ्मयचौर्यातही तसेच आहे. मूळ लेख आणि संशयित लेख शेजारी ठेवले की जुळणारी वाक्ये कोणालाही दिसतात.

यंत्रलेखनाच्या संशयात नेमकी हीच सोय नाही. ताडून पाहायला दुसरी प्रत नसते. यंत्र दरवेळी नवा मजकूर तयार करते; तो कुठल्याही पुस्तकात किंवा संकेतस्थळावर सापडत नाही. त्यामुळे समितीच्या हाती बहुतेक वेळा फक्त शोधक सॉफ्टवेअरचा एक आकडा उरतो.

हा आकडा काय सांगतो? टर्निटिनसारखे शोधक मजकुराचे तुकडे करून त्यांची शब्दरचना यंत्राच्या लेखनासारखी आहे का, याचा अंदाज बांधतात. ‘७८ टक्के’ याचा अर्थ इतकाच, की मजकुराचा तेवढा भाग सॉफ्टवेअरला यंत्राच्या लेखनासारखा वाटला. विद्यार्थ्याने गैरप्रकार केल्याची शक्यता ७८ टक्के आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आकडा २० टक्क्यांहून कमी आला तर टर्निटिन नेमकी संख्या न दाखवता चांदणीची खूण करते, कारण त्या टप्प्यात चुकीचे इशारे जास्त येतात.

भारतात या गैरसमजाला आणखी एक कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत शिक्षेची पातळी टक्क्यांवर ठरते. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. प्रबंधात ते ६० टक्क्यांहून जास्त निघाले तर नोंदणी रद्द होऊ शकते. ही टक्केवारी साम्याची आहे आणि त्यामागचा प्रत्येक जुळणारा उतारा उघडून तपासता येतो. शोधकाची टक्केवारी अंदाजाची आहे आणि तिच्यामागे तपासण्यासारखा मूळ मजकूर नाही. दोन्ही अहवाल एकाच कंपनीच्या एकाच पडद्यावर दिसतात, म्हणून एकाची शिस्त दुसऱ्याला लावण्याचा मोह होतो.

शोधक किती चुकतो यापेक्षा त्याच्या इशाऱ्यांपैकी किती चुकीचे निघतात, हे समितीच्या दृष्टीने महत्त्वाचे. समजा, १,००० निबंध आले आणि त्यांतले १०० यंत्राकडून लिहून घेतलेले आहेत. शोधक अशा निबंधांपैकी ८० टक्के पकडतो आणि प्रामाणिक निबंधांपैकी १ टक्क्यावर चुकीचा शिक्का मारतो. मग ८० खरे आणि ९ खोटे, असे ८९ इशारे मिळतील; दहातला एक विद्यार्थी निर्दोष असेल. आता वर्ग जास्त प्रामाणिक आहे आणि १,००० पैकी २० निबंधच यंत्राचे आहेत असे धरू. खरे इशारे १६ आणि खोटे सुमारे १०. शोधक तोच, त्याची अचूकता तीच, पण इशारा मिळालेल्यांपैकी जवळजवळ चाळीस टक्के निर्दोष ठरतात. वर्गात यंत्र किती जणांनी वापरले हे समितीला ठाऊक नसते, म्हणून आपण यांपैकी कुठल्या स्थितीत आहोत हेही तिला कळत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनचा शोधक बंद केला, तेव्हा असाच हिशेब मांडला होता. २०२२ मध्ये तिथे ७५,००० लेख तपासणीला गेले होते. १ टक्का चूक धरली तरी सुमारे ७५० लेखांवर विनाकारण ठपका आला असता. ओपनएआयने स्वतःचा शोधक जानेवारी २०२३ मध्ये आणला आणि अचूकता कमी असल्याचे सांगून जुलैत मागे घेतला.

या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात शोधकांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले, तर अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध जवळपास सगळे माणसाचेच ठरले. ठरावीक शब्द, सरळ वाक्ये आणि साच्यातली मांडणी शोधकाला यंत्रासारखी वाटते. दुसऱ्या भाषेत जपून लिहिणारा माणूसही तसेच लिहितो. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांना हा धोका थेट लागू होतो. या अभ्यासात ९१ पैकी १८ निबंधांवर सातही शोधकांनी एकमताने चुकीचा शिक्का मारला होता. म्हणजे तीन शोधकांनी तेच सांगितले तर ते तीन स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत. ते एकाच खुणेला फसलेले असू शकतात. चॅटजीपीटीलाच ‘हे तू लिहिलेस का’ असे विचारणे तर पूर्ण निरर्थक, कारण त्याला मागच्या लेखनाची तशी नोंद पाहता येत नाही. तरीही २०२३ मध्ये टेक्सासमधील एका शिक्षकाने या उत्तराच्या आधारे जवळजवळ अख्ख्या वर्गावर आरोप ठेवला होता.

पुरावा असा कमकुवत असला की भार नकळत विद्यार्थ्याकडे सरकतो: ‘तूच लिहिलेस हे दाखव.’ लेखन कसे झाले हे विद्यार्थ्यालाच ठाऊक असते, त्यामुळे ही मागणी वाजवी वाटते. कायद्यातही अशी तरतूद आहे: एखादी गोष्ट विशेषकरून एकाच्याच माहितीतली असेल, तर ती त्याने शाबीत करावी. पण शंभूनाथ मेहरा प्रकरणात (१९५६) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या तरतुदीमुळे आरोप करणाऱ्याची मूळ जबाबदारी संपत नाही. आधी त्याने उत्तर मागण्याजोगा पुरावा ठेवायचा. त्यानंतरच समोरच्याच्या मौनाला अर्थ येतो. कच्चे मसुदे जपा अशी सूचना आधी दिलेलीच नसेल, तर ते नसणे हा विद्यार्थ्याविरुद्धचा पुरावा होऊ शकत नाही.

एका काल्पनिक प्रकरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीच्या ३,००० शब्दांच्या निबंधावर शोधकाने ७८ टक्के आकडा दाखवला. समितीने तो चौकशी सुरू करण्याचे कारण मानावा. निष्कर्षाचा आधार मानू नये. पुढची पायरी संदर्भांची. ग्रंथपालाने यादी तपासली तेव्हा २० पैकी दोन लेख अस्तित्वातच नाहीत असे आढळले. नियतकालिके खरी, पण दिलेल्या पानांवर दुसरेच लेख. ही खूण बोलकी आहे, कारण भाषायंत्रे असे बनावट संदर्भ तयार करतात. मग गुगल डॉक्सचा इतिहास पाहिला. २,४०० शब्द एकाच वेळी चिकटवलेले दिसले. तिचे म्हणणे असे, की मजकूर आधी वर्डमध्ये लिहिला होता.

इथे दोन वाटा फुटतात. वर्डची फाइल मिळाली, तिच्यात दोन आठवड्यांचे मसुदे दिसले, आणि मध्यवर्ती युक्तिवाद तिने तोंडी नीट उलगडला, तर यंत्रलेखनाचा आरोप टिकत नाही, आकडा ७८ असला तरी. बनावट संदर्भांचा आरोप मात्र शाबीत होतो, आणि त्यासाठी ते यंत्राने दिले की मित्राने, हे ठरवावे लागत नाही. उलट फाइल नाही, ती का नाही याची उत्तरे दर वेळी बदलतात, आणि निबंधातील मुख्य संज्ञेचा अर्थही तिला सांगता येत नाही, असे निघाले तर चित्र पालटते. बनावट संदर्भ, चिकटवलेला मजकूर आणि विषयाचे अज्ञान या तीन खुणा वेगवेगळ्या उगमांतून आल्या आहेत. त्या एकत्र आल्यावर यंत्रलेखन हे सर्वात संभाव्य स्पष्टीकरण ठरते आणि संभाव्यतेचा कल पूर्ण होतो.

तोंडी परीक्षेलाही मर्यादा आहेत. ती निबंधानंतर काही महिन्यांनी घेतली तर स्वतः लिहिलेलेही विसरलेले असते, आणि समितीपुढे घाबरलेला विद्यार्थी अज्ञानी वाटू शकतो. म्हणून ती लवकर घ्यावी, प्रश्न निबंधातलेच असावेत आणि उत्तरांची नोंद ठेवावी. समितीने निर्णयात कारणे लिहावीत, आणि शोधकाचा अहवाल विद्यार्थ्याला आधी देऊन त्यावर बोलण्याची संधी द्यावी.

एवढे शाबीत झाल्यावरही एक प्रश्न राहतो: नियम मोडला का? व्याकरण सुधारण्यासाठी साधन वापरणे आणि अख्खा निबंध लिहून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कशाला मनाई होती हे विद्यापीठाने आधी लिहून ठेवलेले नसेल, तर वापर शाबीत होऊनही गैरप्रकार शाबीत होत नाही. हरियाणातील एका खासगी विद्यापीठाच्या कायद्याच्या विद्यार्थ्याने २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात हेच दोन मुद्दे मांडले. त्याचे उत्तर ८८ टक्के यंत्राचे ठरवून त्याला नापास करण्यात आले होते. असा नियम नव्हता आणि पुरावाही नव्हता, असे त्याचे म्हणणे होते. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे शोधकाचा आकडा एकटा पुरेसा आहे का, यावर त्या न्यायालयाला मत द्यावे लागले नाही, आणि निर्णयाची जबाबदारी सध्या प्रत्येक विद्यापीठाच्या चौकशी समितीवरच आहे.