दुसऱ्या वेळी दोनच सुया

पिसाळलेली म्हैस दरवेळी अंगावर धावून येतेच असं नाही. पुष्कळदा ती मान ताणून नुसती उभी राहते. तोंडातून लाळ गळत असते, वैरण समोर असून घास गिळवत नाही, हंबरण्याचा आवाज घोगरा झालेला असतो. मालकाला वाटतं, घशात काहीतरी अडकलं. तो डॉक्टरांना बोलावतो, डॉक्टर तोंडात हात घालून चाचपतात, आणि रेबीजचा विषाणू नेमका त्या लाळेतच असतो. बोटावर साधा ओरखडा असला तरी धोका पुरेसा आहे.

म्हणूनच परभणीच्या पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींनी चावा बसण्याआधीच रेबीजची लस टोचून घ्यावी, अशी शिफारस असते. पहिल्या दिवशी एक, सातव्या दिवशी दुसरी आणि तीन-चार आठवड्यांनी तिसरी मात्रा. या तीन मात्रांनी शरीरात काय बदलतं, ते पाहायला रोगप्रतिकारशास्त्राच्या तासाला पडद्यावर येणारी एक आकृती उपयोगी पडते. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर रक्तातल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडीजचं प्रमाण. आधी बरीच सपाट रेघ, मग एक बुटकी टेकडी, मग उतार. त्यानंतर दुसरी टेकडी. ही जवळजवळ लगेच वर चढते, पहिलीपेक्षा उंच जाते आणि सावकाश उतरते. पहिलीला प्राथमिक प्रतिसाद म्हणतात, दुसरीला दुय्यम. नाव ‘दुय्यम’ असलं तरी काम अव्वल आहे. शिवाय ही आकृती काहीशी फसवी असते. तिच्या उभ्या रेषेवरची प्रत्येक खूण सहसा आधीच्या खुणेच्या दहापट असते. त्यामुळे दुसरी टेकडी डोळ्यांना जेमतेम दीडपट उंच दिसली, तरी प्रत्यक्षातला फरक दहा ते शंभर पटींचा असू शकतो.

आता ही आकृती दोन माणसांवर लावून पाहू. समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका वस्तीवर एकाच पिसाळलेल्या कुत्र्याने एका तासात दोघांना चावा घेतला. एक आहे वीस किलो वजनाचा शाळकरी मुलगा, ज्याला रेबीजची लस कधीच टोचलेली नाही. दुसरी आहे सुट्टीवर घरी आलेली पशुवैद्यकाची विद्यार्थिनी, जिच्या तीनही मात्रा दोन वर्षांपूर्वी झाल्या आहेत. दोघांच्याही पोटरीला दात लागून रक्त आलं आहे.

पहिली पायरी दोघांना सारखीच. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची. हळद, तिखट, चुना यांपैकी काहीही लावायचं नाही. विषाणू जखमेत असतानाच जितका धुऊन जाईल तितका बरा. त्यानंतर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

मुलाच्या दंडांवर कातडीत लस टोचली जाते. दोन जागी, प्रत्येकी 0.1 मिली. हेच पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकूण आठ सुया. (स्नायूत लस देणारे दवाखाने पाच मात्रा देतात.) लशीत मारलेला विषाणू असतो. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याचे तुकडे उचलून काखेतल्या लसिकाग्रंथींत नेतात. तिथे बी पेशींची प्रचंड गर्दी असते, पण प्रत्येक बी पेशी एकाच आकाराचं प्रतिपिंड बनवू शकते. रेबीजच्या विषाणूवरच्या प्रथिनाला बिलगेल असा आकार ज्यांच्याकडे आहे, अशा पेशी हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या विरळ. त्यांची विषाणूशी गाठ पडायला हवी, मदतनीस टी पेशींनी त्यांना दुजोरा द्यायला हवा, मग त्या विभागायला लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत हजारो व्हायला दिवस जातात. आकृतीतली सुरुवातीची सपाट रेघ म्हणजे हेच दिवस. रक्ताच्या तपासणीत तेव्हा काहीच सापडत नाही, पण ग्रंथीत काम जोरात चालू असतं.

साधारण आठवड्याभराने पहिली प्रतिपिंडं रक्तात दिसू लागतात. ती आयजीएम जातीची असतात. पाच प्रतिपिंडं एकत्र जोडल्यासारखा हा मोठा रेणू असतो आणि त्याला पकडण्याच्या दहा जागा असतात. प्रत्येक जागेची पकड ढिली, म्हणून संख्येवर भागवायचं. इकडे ग्रंथीत बी पेशी आपल्या प्रतिपिंडांचा आराखडा थोडा थोडा बदलत राहतात. ज्यांची पकड घट्ट होते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. हळूहळू आयजीएमची जागा आयजीजी घेतं. त्याला पकडायच्या जागा दोनच, पण पकड पक्की. चौदाव्या दिवसाच्या सुमाराला मुलाच्या रक्तात मिलिलिटरमागे अर्ध्या आंतरराष्ट्रीय युनिटपेक्षा जास्त प्रतिपिंडं आलेली असतात. लस लागू पडली, असं म्हणायला जागतिक आरोग्य संघटनेने मानलेली खूण हीच.

म्हणजे निदान पहिला आठवडा मुलगा उघड्यावर आहे. या काळात त्याला प्रतिपिंडं उसनी द्यावी लागतात. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम असेल तर किलोमागे 40 युनिट, म्हणजे वीस किलोला 800. बाटलीत सहसा मिलिलिटरमागे 300 युनिट असतात, म्हणून पावणेतीन मिलीच्या आतबाहेर. ते दंडात देऊन उपयोग नाही. जखमेत आणि जखमेच्या कडेने सुई घालून भरावं लागतं, कारण विषाणू तिथे आहे. मूल रडतं, आईबापांना बघवत नाही, आणि घाईगर्दीत नेमकं हेच काम अर्धवट राहण्याची भीती असते. जास्त दिलं तर जास्त बरं, असंही नाही. उसनी प्रतिपिंडं प्रमाणाबाहेर झाली तर ती लशीतल्या विषाणूलाच झाकून टाकतात आणि मुलाचा स्वतःचा प्रतिसाद मंदावतो. म्हणूनच पहिल्या मात्रेला सात दिवस उलटून गेल्यावर सीरम देत नाहीत. तोवर घरची प्रतिपिंडं यायला लागलेली असतात.

घोड्याच्या रक्तात ती येतात कुठून? घोड्याला लस टोचली जाते, पुन्हा टोचली जाते, पुन्हा टोचली जाते. त्याच्या शरीरातली दुसरी, तिसरी, चौथी टेकडी उंच झाली की रक्त काढून सीरम वेगळं करायचं. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव सर्पदंशावरच्या ज्या औषधामुळे घरोघरी माहीत झालं, ते याच रीतीने बनतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 1966 मधली सुरुवातही पूनावालांच्या घोड्यांपासून आणि धनुर्वाताच्या सीरमपासून झाली. त्याच संस्थेने पुढे रेबीजसाठी एकाच आकाराचं, पेशींच्या टाकीत वाढवलेलं प्रतिपिंड बाजारात आणलं. त्याला घोडा लागत नाही. उसनवारी मात्र कुठलीही असो, ती संपते. माणसाच्या आयजीजीचं प्रमाण साधारण तीन आठवड्यांत निम्मं होतं, आणि उसन्या प्रतिपिंडांमागे ती बनवणारी पेशी नसते.

विद्यार्थिनीची गोष्ट थोडक्यात आटोपते. तिला पहिल्या दिवशी एक आणि तिसऱ्या दिवशी एक अशा दोनच सुया, आणि सीरम अजिबात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तीन मात्रांनंतर तिच्या बहुतेक लढाऊ पेशी मरून गेल्या, पण स्मृतिपेशी मागे उरल्या. नेमक्या आकाराच्या पेशींची संख्या आता मुलापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्या आयजीजी बनवायला आधीच शिकलेल्या आहेत, आराखडा आधीच घासूनपुसून घट्ट केलेला आहे, आणि मदतनीस टी पेशींनाही विषाणूची ओळख आहे. शिवाय काही पेशी हाडांच्या मगजात बसून रोज थोडी थोडी प्रतिपिंडं रक्तात सोडतच आल्या आहेत. त्यामुळे सपाट रेघ काही दिवसांची, आणि चढण उभी. सीरम तिला नुसतं अनावश्यक नाही, ते तिच्या या चढणीत आडवं येईल.

इथे एक शंका रास्त आहे. चावल्यानंतर लस देऊन मुलगा वाचतो, तर आधी टोचायची गरज काय? रेबीजमध्ये हे जमतं, कारण हा विषाणू आळशी आहे. तो स्नायूत रेंगाळतो, मग मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात. म्हणून चौदा दिवसांची टेकडी वेळेवर उभी राहू शकते. चावा चेहऱ्यावर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर अंतर कमी आणि घाई जास्त. एकदा विषाणू मज्जातंतूत शिरला की रक्तातली प्रतिपिंडं त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि लक्षणं सुरू झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

घटसर्प किंवा डांग्या खोकला इतकी सवलत देत नाहीत. आजार काही दिवसांतच उभा राहतो आणि प्राथमिक प्रतिसाद धापा टाकत मागून येतो. म्हणून पहिली टेकडी रोग येण्याआधीच, निरुपद्रवी वस्तू दाखवून चढून घ्यायची, म्हणजे खरा जंतू येईल तेव्हा शरीराच्या लेखी ती दुसरी वेळ असेल. सगळी लसीकरणाची युक्ती एवढीच आहे. अंगणवाडीत बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट टोचतात, मग दीड वर्षाच्या आसपास आणि पाच-सहा वर्षांचं झाल्यावर बूस्टर देतात. एका मात्रेने मेलेल्या जंतूची किंवा निष्प्रभ केलेल्या विषाची ओळख धड पटत नाही, म्हणून पहिल्या तीन. आणि उतरत्या टेकडीवर नवी चढण यावी म्हणून बूस्टर.

गोवराच्या दुसऱ्या मात्रेचं कारण मात्र वेगळं आहे, आणि ते फारसं सांगितलं जात नाही. गोवराच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, त्यामुळे ज्यांना ती लागू पडते त्यांना बहुतेक वेळा एकाच मात्रेत पडते. पण काही बाळांच्या अंगात आईकडून आलेली प्रतिपिंडं अजून शिल्लक असतात आणि ती लशीतल्या विषाणूलाच मारतात. त्या बाळांसाठी दुसरी मात्रा हीच खरी पहिली असते. ज्यांना पहिलीच लागू पडली, त्यांची स्मृती किती टिकते याचा दाखला उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर मिळाला होता. तिथे 1781 मध्ये गोवर येऊन गेला आणि पुढची 65 वर्षं फिरकला नाही. 1846 मध्ये तो परत आला तेव्हा सुमारे पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने नोंद केली, की लहानपणी गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही.

स्मृती दरवेळी हिताचीच ठरते असंही नाही. डेंग्यूच्या अहवालात आयजीएम आणि आयजीजी हे दोन शब्द आता घरोघरी वाचले जातात. आजाराच्या पहिल्या काही दिवसांतच आयजीजी जोरात वर गेलेलं असेल, तर डॉक्टर सावध होतात. शक्यता अशी, की रुग्णाला पूर्वी डेंग्यूच्या वेगळ्या प्रकाराची लागण होऊन गेली आहे. चार प्रकारांपैकी एकाविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं दुसऱ्याला अर्धवट चिकटतात, मारत नाहीत, उलट काही पेशींत शिरायला मदत करतात. दुसऱ्या वेळचा डेंग्यू जास्त गंभीर होण्यामागे हे एक कारण मानलं जातं.

रेबीजमध्ये असा घोळ नाही, आणि मुलाचीही पुढच्या वेळची वाट सोपी आहे. चारही खेपा पूर्ण झाल्या असतील आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा कुत्रं चावलं, तर जखम धुणं पुरतं. त्यानंतर चावलं तर विद्यार्थिनीसारख्याच दोन सुया. अट एकच, आधीच्या लसीकरणाचा कागद दाखवता आला पाहिजे. बरेच जण तिसऱ्या खेपेनंतर जखम भरली म्हणून दवाखान्यात जायचं सोडतात, किंवा कार्ड पावसात भिजून जातं. मग डॉक्टरांना त्या माणसाला कधीच लस न टोचलेला धरूनच उपचार करावे लागतात: सीरम, आठ सुया, चार खेपा.