पट्टा सरळ की फुलीचा?

दोन चाकांवरचा पट्टा सरळ चढवला, तर त्याच्या ताणलेल्या बाजू म्हणजे दोन वर्तुळांच्या बाह्य सामाईक स्पर्शिका. मध्ये फुली मारून चढवला की त्याच आंतर स्पर्शिका होतात, आणि दुसरे चाक उलटे फिरते.

समजा, त्रिज्या २२ आणि ८ सेंटिमीटर, केंद्रांतले अंतर ५०. लहान चाकाच्या केंद्रातून बाह्य स्पर्शिकेला समांतर रेघ ओढली की काटकोन त्रिकोण मिळतो: कर्ण ५०, एक बाजू त्रिज्यांची वजाबाकी, १४. पायथागोरसने तिसरी बाजू, म्हणजे स्पर्शबिंदूंमधली लांबी, ४८. फुलीसाठी वजाबाकीऐवजी बेरीज, ३०, लांबी ४०.

रेषेचे समीकरणही इथूनच निघते. मोठे केंद्र (0, 0), लहान (50, 0) धरा. १४ भागिले ५० म्हणजे ०.२८, ४८ भागिले ५० म्हणजे ०.९६. म्हणून वरची बाह्य स्पर्शिका `0.28x + 0.96y = 22`, आंतर `0.6x + 0.8y = 22`. y चे चिन्ह बदलले की प्रत्येकीची जोडीदार मिळते.

पडताळा सोपा आहे. लहान केंद्र घातल्यावर डावी बाजू पहिल्या रेषेत १४, दुसरीत ३०. दोन्ही २२ पासून ८ नेच दूर, पण विरुद्ध बाजूंना.

केंद्रे ३० सेंटिमीटरपेक्षा जवळ आली, तर वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. मग फुलीचा पट्टा बसतच नाही.