विषय : पहाटेचा खर्ज

सोसायटीची नोटीस कशी दिसते हे सहकारी संस्थेत राहणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. वर संस्थेचे नाव, त्याखाली नोंदणी क्रमांक, उजवीकडे दिनांक, डावीकडे जावक क्रमांक. मग ‘प्रति’, ‘विषय’, ‘संदर्भ’, आणि ‘महोदय’ झाल्यावर ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’. खाली मानद सचिवाची सही, गोल शिक्का आणि ‘प्रत माहितीसाठी’. या भाषेत कुणी माणूस बोलत नाही. ‘कळविण्यात येते’, ‘निदर्शनास आले आहे’, ‘योग्य ती कारवाई करण्यात येईल’. बोलणारा दिसत नसल्यामुळेच कागदाचा धाक वाटतो, आणि त्याच कारणामुळे शेजाऱ्याची थट्टा करायला हा साचा इतका सोयीचा पडतो. विषय पाण्याच्या गळतीऐवजी पहाटेच्या गाण्याचा केला की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मात्र अवघड असते. बहुतेक लुटुपुटीच्या नोटिसा तिथेच फसतात आणि गमतीच्या नावाखाली एखाद्याचे मन दुखावतात.

आधी गाण्याची बाजू बघू. पहाटे गाणारा माणूस बहुधा मैफल करत नसतो, रियाज करत असतो. त्यात खर्ज भरणे हा मोठा भाग. मंद्र सप्तकात खाली खाली जात एकेक स्वर लांबवर धरायचा, श्वास पुरेपर्यंत. मग पलटे, तेच ते स्वरसमूह पुन्हा पुन्हा घोटायचे. हे ऐकणाऱ्याला रिझवण्यासाठी नसते. त्यात आवाज चिरकतो, श्वास तुटतो आणि तो तुटावा म्हणूनच ती वेळ राखून ठेवलेली असते.

आता इमारतीची बाजू. आपल्याकडच्या इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या बहुतेक एकाच डक्टमध्ये उघडतात. ४०२ मध्ये धरलेला स्वर त्या उभ्या पोकळीतून तळमजल्यापर्यंत विनासायास पोचतो. त्यातून खालचे स्वर भिंतींना फारसे जुमानत नाहीत. उंच स्वर भिंत बराच अडवते, खर्ज आरपार जातो. म्हणूनच पहाटेचे गाणे ‘पंप सुरू झाला की काय’ असे वाटणे ही निव्वळ अतिशयोक्ती नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्यावर चालणाऱ्या मोटरची घरघर बरेचदा त्याच्या दुपटीच्या, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास असते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झला येतो. अर्धवट झोपेतल्या माणसाने दोन्हींत गल्लत केली तर त्याचा दोष नाही.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. चांगली थट्टेची नोटीस अशाच खऱ्या तपशिलावर उभी राहते. ‘आपल्या गाण्याने सर्व सभासद हैराण झाले आहेत’ या वाक्यात थट्टा नाही, तो सरळ टोमणा आहे. खाली एक नमुना लिहिला आहे. तो पूर्ण वाचा, मग त्यातले धागे उलगडू.

सुप्रभात सहकारी गानरचना संस्था मर्यादित
नोंदणी क्र. सा/रे/ग/म/पहाटे ५.३०
जावक क्र. : मंद्र/१

प्रति,
सन्माननीय गायक सभासद, सदनिका क्र. ४०२

विषय : पहाटेच्या गायनाबाबत कारणे दाखवा नोटीस.
संदर्भ : १) तिसऱ्या मजल्याचे तोंडी निवेदन. २) डक्टमार्फत वेळोवेळी प्राप्त झालेल्या ताना.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की,

१) आपला खर्ज ऐकून टाकी भरून वाहत असल्याचा समज झाल्याने सचिव पंप बंद करण्यासाठी वेळोवेळी अनवाणी खाली गेले आहेत. पंप प्रत्येक वेळी बंदच आढळला.

२) भैरवातील कोमल रिषभावर आपण दीर्घकाळ थांबता. पुढचा स्वर ऐकूनच गॅस बंद करण्याच्या सवयीमुळे ३०१ मधील चहा उतू गेला आहे. षड्जावर परतण्याची अंदाजे वेळ सूचना फलकावर लावावी.

३) सर्वांत गंभीर बाब अशी की, गेल्या महिन्यात आपण गावी गेला असता कोणतीही पूर्वसूचना न देता गायन बंद ठेवण्यात आले. परिणामी ‘बी’ विंगमधील सभासद कामावर उशिरा पोहोचले आणि २०३ मधील विद्यार्थ्याची शाळेची बस चुकली. विनापरवानगी शांतता पसरविण्याचा हा प्रकार समितीने गांभीर्याने घेतला आहे.

सबब, आपणांस दंड म्हणून येत्या कोजागरीस गच्चीवर किमान १ तास गायन करण्याचे फर्मावण्यात येत आहे. मसाला दूध समितीच्या खर्चाने. आपला खुलासा ७ दिवसांच्या आत लेखी, अथवा तालात, सादर करावा.

आपली विश्वासू,
पहाटे जाग येणाऱ्यांची उपसमिती

प्रत माहितीसाठी : १) दूधवाले २) पंप

या नोटिशीचा सगळा भार तिसऱ्या कलमावर आहे. पहिली दोन कलमे तक्रारीसारखी चालतात. तिसऱ्यात कळते की तक्रार गाण्याबद्दल नव्हतीच, गाणे थांबल्याबद्दल होती. हा पालट शेवटी यायला हवा. सुरुवातीलाच ‘आम्हाला तुमचे गाणे आवडते’ असे लिहिले तर पुढच्या कलमांत काही दम उरत नाही, आणि पालट आलाच नाही तर ४०२ मधल्या माणसाच्या हातात एक खरीखुरी तक्रार उरते.

कमीपणा कुणाच्या वाट्याला येतो तेही बघा. अनवाणी धावतो सचिव, चहा उतू जातो ३०१ चा, झोपून राहते ‘बी’ विंग. गाणारा एकदाही हास्यास्पद होत नाही. त्याच्या आवाजाबद्दल, सुराबद्दल, वयाबद्दल एक शब्द नाही. ही मर्यादा मी फार मोलाची मानतो. रियाज करणाऱ्याला आपला कच्चा आवाज कुणी ऐकतो आहे ही जाणीवच संकोचाची असते. त्या आवाजाची टिंगल झाली तर तो उद्यापासून खिडक्या लावून गाईल, नाहीतर गाणेच सोडेल. नंतर कितीही वेळा ‘अहो, गंमत केली’ म्हटले तरी ते भरून येत नाही.

दंडाचेही तसेच. खऱ्या संस्थेत दंड मनाला येईल तसा लावता येत नाही. उपविधींतली तरतूद लागते, कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते, सभासदाचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. थट्टेत ही सगळी पायरी ठेवायची आणि शेवटी रकमेच्या जागी आमंत्रण घालायचे. रक्कम लिहूच नये, ५१ रुपयेसुद्धा नको. आकडा दिसला की माणूस क्षणभर तरी खरे मानतो.

कागदाबाबत तर हयगय नकोच. संस्थेचे खरे लेटरहेड, खरा शिक्का, खऱ्या सचिवाची सही यांतले काहीही वापरू नये. खरी नोटीस जावक नोंदवहीत चढते, फायलीला लागते आणि वाद झाल्यास उपनिबंधकांच्या कार्यालयापर्यंत जाऊ शकते. त्या कागदासारखाच हुबेहूब कागद इमारतीत फिरणे बरे नव्हे. म्हणून नमुन्यात संस्थेचे नावच खोटे आहे आणि नोंदणी क्रमांकात सरगम आहे. पहिल्या दोन ओळींत वाचणाऱ्याला गंमत कळलीच पाहिजे. काचेच्या कुलूपबंद फलकातही ती लावू नये. गाणाऱ्याशी ज्याची सलगी आहे त्याने ती हातात द्यावी, समोर बसून वाचू द्यावी. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायची तर त्याने स्वतः टाकावी. नाहीतर वरच्या दोन ओळी कापलेला फोटो फिरतो, आणि परगावी राहणारा एखादा फ्लॅटमालक सचिवाला फोन करून विचारतो की गाण्यावर बंदी कधी आली.

आणि खरोखरच त्रास होत असेल तर? घरात तान्हे मूल आहे, कुणी रात्रपाळीहून येऊन झोपते, कुणी आजारी आहे. तर ही नोटीस लिहूच नये. खरी तक्रार थट्टेत गुंडाळून दिली की समोरच्याची कोंडी होते. तो हसला तर तक्रार मान्य केल्यासारखे होते आणि चिडला तर ‘साधी गंमत कळत नाही’ असे ऐकावे लागते. मी स्वतःसाठी एक कसोटी ठेवली आहे. उद्यापासून हे गाणे कायमचे थांबले तर मला हायसे वाटेल का? वाटणार असेल तर कागद बाजूला ठेवावा, संध्याकाळी बेल वाजवावी आणि सरळ बोलावे. अशा बोलण्याला नियमांचा आधारही आहे. आदर्श उपविधींत इतर सभासदांना उपद्रव होईल असे वागू नये अशी अट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र १० ते सकाळी ६ ही ‘रात्र’ धरली जाते आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. म्हणजे साडेपाचचा खर्ज नियमाच्या भाषेत रात्रीचा ठरतो. अर्ध्या तासाने वेळ पुढे नेणे, डक्टकडची खिडकी लावून दुसऱ्या खोलीत बसणे, एवढ्याने बहुतेक वेळा भागते.

पण कसोटीला उतरलेली नोटीस गेली की उत्तराची वाट पाहावी. उत्तर त्याच साच्यात आले तर समजावे की बाण गोड लागला. ४०२ चा खुलासा असा येऊ शकतो : ‘आपल्या नोटिशीतील कलम ३ मान्य. यापुढे गावी जाण्यापूर्वी १४ दिवसांची पूर्वसूचना देण्यात येईल. मात्र पंप माझ्या मंद्र पंचमापेक्षा किंचित उतरलेला असल्याने दोघांनी एकत्र रियाज करणे अशक्य झाले आहे. समितीने त्यास सूर चढविण्याची तंबी द्यावी.’ यावर उपसमितीने फार तर पोच द्यावी आणि पत्रव्यवहार तिथे थांबवावा. तिसऱ्या पत्रापासून नवे तपशील संपतात, जुनेच ओढले जातात, आणि गाणारा माणूस रोज पहाटे आपल्याकडे कुणी कान लावून बसले आहे का याचा विचार करू लागतो. त्यापेक्षा कोजागरीच्या दुधाला किती केशर लागेल ते बघावे आणि गच्चीवर सतरंज्या कोण आणणार ते ठरवावे.