ठराव दिसेल, पण सापडेल का?

वर्धा जिल्ह्यातलं नाचणगाव हे पुलगावला लागून असलेलं गाव. समजा, अशा गावाच्या ग्रामपंचायतीत वीस वर्षांपूर्वी ग्रामसभेचा एक ठराव संगणकावर टाइप झाला. तेव्हा कार्यालयांत कृतिदेवसारखे मराठी फॉन्ट आणि श्रीलिपी, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअर व त्यांचे फॉन्ट चालत. आज ती कृतिदेवमधली वर्ड फाइल नव्या संगणकावर उघडली आणि त्यात तो फॉन्ट नसला, तर गावाच्या नावाच्या जागी पडद्यावर ही अक्षरं उमटतात:

```
ukp.kxko
```

फाइल बिघडलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून अशीच आहे. कृतिदेवमध्ये मराठी मजकूर मराठी म्हणून साठवलेला नसतो. आत इंग्रजी अक्षरंच असतात, फक्त त्या फॉन्टमध्ये u च्या जागी 'न' काढलेला असतो, p च्या जागी 'च' आणि x च्या जागी 'ग'. फॉन्ट हाताशी असेल तोवर 'नाचणगाव' वाचता येतं. तो गेला की उरतात निव्वळ रोमन अक्षरं.

वर्ड फाइल बहुतेक वेळा अशीच परावलंबी असते. कोणता फॉन्ट वापरायचा, एवढं नावच ती सहसा लक्षात ठेवते. अक्षरांचे आकार मात्र संगणकाकडून उसने घेते. युनिकोड मराठीलाही हा धोका थोडा आहेच. वर्षानुवर्षं विंडोजसोबत येणारा 'मंगल' विंडोज 10 मध्ये ऐच्छिक झाला. तो नसेल तर दुसरा फॉन्ट येतो, ओळी सरकतात, तक्ते पुढच्या पानावर जातात आणि 'पान 3 वरील परिच्छेद' हा संदर्भ चुकीचा ठरतो.

दीर्घकाळ जपायच्या दस्तऐवजांसाठी 2005 साली पीडीएफ/ए हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, ते याच कारणाने. त्याचा क्रमांक आयएसओ 19005. या प्रकारात वाचण्यासाठी लागणारं सगळं फाइलच्या पोटातच असावं लागतं. पानावर दिसणारा प्रत्येक फॉन्ट आत भरलेला हवा. रंगांची व्याख्याही आत हवी. पासवर्ड, आपोआप चालणारे प्रोग्राम आणि बाहेरून ओढून आणावा लागणारा मजकूर यांना मनाई आहे. फॉन्ट अख्खा भरावा लागत नाही, ठरावात वापरलेल्या अक्षरांचे आकार तेवढे पुरतात. त्यामुळे फाइल फारशी फुगत नाही.

आता आपला ठराव घेऊ. कृतिदेव असलेल्या संगणकावर तो उघडला आणि थेट पीडीएफ/ए केला, तर काम फत्ते झाल्यासारखं दिसतं. अक्षरं स्वच्छ, फॉन्ट आत, पन्नास वर्षांनीही पान असंच दिसेल. पण त्या फाइलमध्ये 'नाचणगाव' शोधून पाहा, सापडणार नाही. 'नाचणगाव' कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, ukp.kxko उतरेल. भरलेल्या फॉन्टने रूप वाचवलं, मजकूर वाचवला नाही. मानकाची तपासणीही इथे मदतीला येत नाही. प्रत्येक आकाराला युनिकोड अक्षर जोडलं आहे का, एवढंच यंत्र बघू शकतं. 'न' च्या आकाराला u जोडलेला आहे ही चूक त्याला कळत नाही. हजारो ठरावांच्या संग्रहात जो ठराव शोधून सापडत नाही, तो असून नसल्यासारखाच.

म्हणून पहिली पायरी पीडीएफची नाही, युनिकोडची आहे. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून दुसऱ्या प्रतीतला कृतिदेव मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणावा. इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला ऱ्हस्व वेलांटीचा. कृतिदेवमध्ये 'विकास' हा शब्द fodkl असा टाइप होतो, म्हणजे वेलांटी आधी आणि 'व' नंतर. युनिकोडमध्ये 'व' आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. रफाराचं याच्या उलट, 'वर्धा' मधला रफार उचलून 'धा' च्या आधी न्यावा लागतो. कच्चा परिवर्तक जोडाक्षरांजवळ इथेच अडखळतो. दुसरा घोळ मिश्र मजकुराचा. ठरावात खरोखरचे इंग्रजी शब्द असतील आणि परिवर्तक सगळ्या मजकुरावर सरसकट फिरवला, तर त्यांचंही निरर्थक मराठी होतं. म्हणून जुनी छापील प्रत समोर ठेवून नावं, गट क्रमांक आणि रकमा एकाने वाचाव्यात, दुसऱ्याने ताडून बघाव्यात.

त्यानंतर फॉन्ट निवडायचा. काही फॉन्टांच्या आतच 'मला दुसऱ्या फाइलमध्ये भरू नका' अशी परवान्याची खूण असते. असा फॉन्ट असेल तर वर्ड त्या मजकुराचं चित्र करून टाकू शकतं. पान तसंच दिसतं, पण शोध पुन्हा बंद. 'नोटो सान्स देवनागरी' किंवा 'मुक्त' यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट घेतले की ही अडचण येत नाही.

मग रूपांतर. वर्डमध्ये Save As करून PDF निवडायचं, Options उघडायचं आणि PDF/A च्या ओळीवर खूण करायची. लिब्रेऑफिसमध्ये Export as PDF च्या खिडकीत Archival ची खूण करून PDF/A-2b निवडता येतं. यातला b म्हणजे 'रूप टिकेल' एवढीच किमान हमी. 'प्रिंट' मधून केलेली पीडीएफ दिसायला सारखीच असते, पण ती सहसा पीडीएफ/ए नसते. कार्यालयांत इथे सहज गल्लत होते.

शेवटी तीन तपासण्या. ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून Properties मधला Fonts हा भाग पाहा. प्रत्येक नावापुढे Embedded Subset किंवा Embedded असायला हवं. एका जरी नावापुढे ते नसलं, तर ती फाइल पीडीएफ/ए नाही. रीडरची 'ही पीडीएफ/ए आहे' अशी निळी पट्टी म्हणजे फाइलचा स्वतःविषयीचा दावा, निकाल नव्हे. निकालासाठी व्हेरापीडीएफ हा मोफत तपासनीस चालवावा, तो कोणता नियम कुठे मोडला ते सांगतो. तिसरी तपासणी माणसानेच करायची: 'विकास', 'निधी', 'वर्धा' आणि गावाचं नाव शोधा, एक परिच्छेद कॉपी करून चिकटवा. पीडीएफमध्ये आकार कागदावरच्या क्रमाने मांडले जातात, त्यामुळे युनिकोड मजकूर असूनही कधी कधी वेलांटी अक्षराच्या आधी सुटी पडून येते. असं झालं तर फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर बदलून रूपांतर पुन्हा करावं.

सगळं जमलं तरी पीडीएफ/ए फाइल दुरुस्त करायला सोयीची नसते आणि डिस्क बिघडली तर तीही जाते. म्हणून युनिकोडमधली वर्ड फाइल सोबत ठेवावी आणि दोन्हींच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. तुमच्या ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा पतसंस्थेत कृतिदेव-श्रीलिपीतल्या फाइली पडून असतील, तर ते फॉन्ट ज्या जुन्या संगणकावर अजून आहेत तो भंगारात काढण्याआधी हे काम उरका. छापील प्रत नसेल, तर रूपांतर बरोबर झालं की नाही हे ताडून पाहण्याची सोय त्या संगणकासोबतच संपेल.