बावीस धावपटू, तीन वळणं

बेसबॉलमध्ये फटका लांब गेला की फलंदाज बॅट टाकून पहिल्या बेसकडे पळत सुटतो आणि त्याला पाय लावून तसाच दुसऱ्याकडे वळतो. मैदानावर तिथं काटकोन असतो, पण भरधाव पळणाऱ्याला काटकोनात वळणं जमत नाही. मग वळायचं कसं? गोलाई घेत, अरुंद कोन करून, की आधीच बाहेर सरकून रुंद कोनातून? अमेरिकेत 1970 साली एका संशोधकानं 22 खेळाडूंना तिन्ही पद्धतींनी पळवलं आणि प्रत्येकाच्या वेळा नोंदवल्या. संख्याशास्त्राच्या पुस्तकांतून ही आकडेवारी आजही शिकवली जाते.

आकडे पाहिले की अडचण लगेच कळते. गोलाईची सरासरी 5.54 सेकंद, रुंद कोनाची 5.46. म्हणजे फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. उलट खेळाडूंमधला फरक केवढा! सर्वांत चपळ खेळाडू 5 सेकंदांच्या आसपास पोचतो, सर्वांत संथ खेळाडूला 6.30 लागतात. सगळ्या 66 वेळा एकाच ढिगात टाकल्या, तर पद्धतींमधला बारीक फरक खेळाडूंच्या फरकाखाली दडून जातो.

अशा वेळी एरवी वापरतात ती रिपीटेड मेझर्स अनोव्हा. ती प्रत्येक खेळाडूची स्वतःची चपळाई हिशेबातून वजा करते. पण तिच्या अटी आहेत. खेळाडूंचा फरक वजा केल्यावर उरणारे चढउतार घंटेच्या आकाराच्या वक्रात बसावेत, आणि कुठल्याही दोन पद्धतींमधल्या फरकाचा विस्तार साधारण सारखा असावा. माणसं थोडी असली आणि एखादी नोंद फारच वेगळी पडली, की या अटींवर भिस्त ठेवणं अवघड होतं.

यावरचा तोडगा मिल्टन फ्रीडमन यांनी 1937 मध्ये मांडला. पुढे 1976 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते फ्रीडमन. तेव्हा ते पंचविशीतले होते आणि अमेरिकी कुटुंबांच्या खर्चाच्या आकड्यांवर काम करत होते. त्यांची युक्ती विलक्षण साधी आहे: सेकंद बाजूला ठेवा आणि प्रत्येक माणसापुरते नंबर लावा.

पहिल्या खेळाडूच्या वेळा 5.40, 5.50 आणि 5.55. त्याच्यासाठी गोलाई पहिली, अरुंद कोन दुसरा, रुंद कोन तिसरा. नवव्याच्या 5.25, 5.15 आणि 5.00, इथं क्रम बरोबर उलटा. सर्वांत संथ खेळाडूला पहिल्या दोन पद्धतींत 6.30 आणि रुंद कोनात 6.25 लागले. रुंद कोनाला पहिला नंबर आणि उरलेल्या दोघांना दुसरा-तिसरा वाटून अडीच-अडीच. नंबर ज्याच्या-त्याच्या ओळीतच लागत असल्यामुळे तो संथ आहे याला आता काहीच महत्त्व उरत नाही.

मग नंबरांची बेरीज. पद्धतींत काहीच फरक नसता, तर प्रत्येकीच्या वाट्याला 44 च्या आसपास आले असते. प्रत्यक्षात गोलाईला 53, अरुंद कोनाला 47 आणि रुंद कोनाला 32 आले. 22 पैकी 15 जण रुंद कोनातूनच सर्वांत वेगानं पळाले होते. 44 पासूनच्या या अंतरांचे वर्ग करून आणि बरोबरीच्या नंबरांची दुरुस्ती करून फ्रीडमनचा आकडा निघतो 11.14. तीन पद्धतींसाठी नेहमीची मर्यादा 5.99 आहे. पद्धती खरोखर सारख्याच असत्या, तर एवढी किंवा याहून मोठी तफावत योगायोगानं हजारात चारेक वेळाच दिसली असती. R या संगणकप्रणालीच्या मदतपानावर हीच आकडेवारी दिलेली आहे. ही ओळ लिहिली की सगळा हिशेब पडद्यावर येतो:

```
example(friedman.test)
```

बरेच जण इथंच थांबतात आणि रुंद कोन दोघांहून सरस असं लिहून मोकळे होतात. पण चाचणी एवढंच सांगते की तिन्ही सारख्या नाहीत. कोण कोणाहून वेगळं, हे जोड्या लावून पुन्हा तपासावं लागतं. इथं बेरजांमध्ये सुमारे साडेपंधराचं अंतर लागतं. गोलाई आणि रुंद कोनात 21 चं अंतर आहे, म्हणजे निकाल पक्का. अरुंद आणि रुंद कोनात मात्र 15 चं, थोडक्यात हुकलं.

नंबर लावण्याची किंमतही मोजावी लागते. अर्ध्या सेकंदानं जिंकलेला आणि शतांशानं जिंकलेला, दोघांना सारखाच पहिला नंबर. अनोव्हाच्या अटी खरोखर पाळल्या जात असतील, तर तीन पद्धतींच्या तुलनेत फ्रीडमन चाचणीची कार्यक्षमता साधारण 72 टक्केच भरते. तोच फरक पकडायला जास्त माणसं लागतात. शिवाय एखाद्याची एक वेळ जरी नोंदवायची राहिली, तरी नेहमीच्या चाचणीत त्याची अख्खी ओळ गळते. आणि सगळ्यांना रुंद कोनातून शेवटीच पळवलं, तर थकव्याचा किंवा सरावाचा परिणाम त्याच पद्धतीच्या नावावर जमा होतो. पळण्याचा क्रम खेळाडूगणिक चिठ्ठ्या टाकून, पहिली वेळ नोंदवण्याआधीच ठरवावा लागतो.