चिमणीतला तीन टक्के ऑक्सिजन

नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये एक घनमीटर वायू पूर्ण जळायला साधारण साडेनऊ घनमीटर हवा लागते. पण मोजून तेवढीच हवा दिली, तर ज्वाळेत हवा आणि वायू सगळीकडे सारखे मिसळत नाहीत आणि थोडं इंधन न जळताच निघून जातं. म्हणून थोडी जादा हवा सोडावीच लागते. ती किती, हे चिमणीच्या धुरात उरलेल्या ऑक्सिजनवरून कळतं.

ही जादा हवा ३० अंशांना आत शिरते आणि २०० अंशांना बाहेर पडते. तिला तापवायचा खर्च इंधनावरच पडतो. धुरात ६ टक्के ऑक्सिजन असेल, तर हवा सुमारे ४० टक्के जादा. ३ टक्के असेल, तर सुमारे १७ टक्के. सहावरून तीनवर आलं की सव्वा टक्का इंधन वाचतं. तासाला ३५० घनमीटर वायू लागणाऱ्या बॉयलरमागे ही बचत दिवसाला शंभरेक घनमीटर होते.

मग आणखी खाली का जाऊ नये? कारण दोनवरून एकवर आल्याने जेमतेम ०.३ टक्का वाचतो, आणि नेमका याच टप्प्यात कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढू लागतो. दहा लाख भाग धुरात तो हजार भाग झाला, की ०.३५ टक्का उष्णता वाया जाते. कमावलेलं सगळं गेलं, वर विषारी वायू तयार झाला आणि तो डोळ्यांना दिसतही नाही.

शिवाय हवेची घनता दिवसभर बदलते. पहाटे १५ अंशांना ३ टक्क्यांवर लावलेला बर्नर दुपारी ४० अंशांना दीड टक्क्यावर येतो, कारण पंखा तेवढीच हवा ओढतो, पण ती आठ टक्के विरळ असते. या भीतीने बर्नर लावणारा माणूस पाच-सहा टक्क्यांची मोकळीक ठेवतो. ऑक्सिजन ट्रिम ही मोकळीक कमी करतं. धुराच्या मार्गातला झिर्कोनियाचा सेन्सर ऑक्सिजन मोजत राहतो आणि कंट्रोलर त्यानुसार डॅम्पर किंवा पंख्याचा वेग किंचित हलवतो.

मात्र सेन्सरच्या आधी कुठे दाराचं गॅस्केट गळत असेल, तर बाहेरची हवा धुरात मिसळते. ज्वाळेला हवा कमी पडत असतानाही सेन्सर ऑक्सिजन जास्त दाखवतो आणि ट्रिम हवा आणखी तोडतं. त्यामुळे त्याच जागी कार्बन मोनॉक्साइडही मोजावा. ऑक्सिजन आणि तो, दोन्ही एकदम जास्त दिसले, तर सेटिंगला हात लावण्याआधी गळती शोधावी आणि बर्नरमध्ये हवा-वायू नीट मिसळतात का, ते पाहावं.